सुट्टीमुळे पगार कमी जमा झाला? अकाउंट्सला पत्र असं लिहा

आपल्यातले बरेच जण अजून नोकरी करतायत आणि पगारातूनच भांडवल साठवतायत. त्यामुळे कमी आलेल्या दीड हजाराकडेही दुर्लक्ष करू नका. पण "पगार कमी आलाय, बघा जरा" एवढंच लिहिलं तर उत्तर येतं, "सुट्टी होती ना तुमची!" आकडा तुम्हीच काढून द्या.

एक उदाहरण घेऊ. महिन्याचा एकूण पगार २४,००० रुपये, त्यात मूळ वेतन १५,०००. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा होऊन खात्यात २२,००० येतात. जूनमध्ये तीन दिवस सुट्टी घेतली. दोन दिवस मंजूर पगारी रजा, एक दिवस बिनपगारी. जमा झाले १९,७८०.

कंपनी महिन्याच्या ३० दिवसांनी भागत असेल तर एका दिवसाचे ८०० होतात. काही ठिकाणी २६ ने भागतात, तेव्हा आधी नेमणूकपत्र आणि जुनी पगारपावती बघा. आता १,६०० मागायचे का? नाही! इथेच बहुतेक जण चुकतात. दिवस कापला की मूळ वेतन कमी होतं आणि पीएफही कमी कापला जातो. एकच दिवस कापला असता तर २३,२०० मधून पीएफ १,७४० आणि कर २०० जाऊन २१,२६० आले असते. म्हणजे खात्यात कमी आलेत १,४८०. उरलेले १२० तुमच्या पीएफमध्ये जायला हवेत.

पत्र एवढंच:

प्रति,
लेखा विभाग
विषय: जून महिन्याच्या पगारातील रजा कपातीबाबत

महोदय/महोदया,
माझ्या जूनच्या पगारात ३ दिवसांची कपात झाली आहे. त्यापैकी ९ व १० जून या दोन दिवसांची पगारी रजा मंजूर आहे. ११ जून हा एकच दिवस बिनपगारी आहे. ३० दिवसांच्या हिशेबाने २१,२६० रुपये जमा व्हायला हवे होते, १९,७८० झाले. फरक १,४८० रुपये. कृपया कपातीचे दिवस व दैनिक दर कळवावा आणि फरकाची रक्कम व त्यावरील पीएफ पुढील पगारात समाविष्ट करावा.
सोबत: रजा मंजुरीचा ईमेल, जूनची पगारपावती.
आपला/आपली,
(नाव, कर्मचारी क्रमांक)

"फसवणूक", "अन्याय" असले शब्द नकोत. बहुतेक वेळा चूक अकाउंट्सची नसतेच! साहेबांनी रजा मंजूर केलेली असते, पण हजेरीत तिची नोंद झालेली नसते, आणि अकाउंट्सवाले हजेरीत दिसेल तेवढेच दिवस धरतात. म्हणून पत्राची एक प्रत एचआरलाही पाठवा, कारण नोंद त्यांनाच दुरुस्त करावी लागते. पुढच्या पगारपावतीत "एरियर्स" या ओळीत १,६०० दिसले आणि पीएफ १२० ने वाढलेला असला, की हिशेब जुळला.