तसबिरींची भिंत

दिवाळीपूर्वी घराला रंग काढायचे ठरले, की सर्वप्रथम भिंतीवरच्या तसबिरी खाली येतात. रंगारी निघून जातो, भिंती स्वच्छ नि मोकळ्या दिसू लागतात आणि त्या तसबिरी पुन्हा कुठे लावायच्या, या प्रश्नावरून घरात मतभेद सुरू होतात. नव्या पिढीला भिंत मोकळी हवी असते, तर आजीला तिच्या लग्नातला फोटो पूर्वीच्याच जागी हवा असतो. बहुधा जुन्याच खिळ्यांवर जुन्याच तसबिरी चढतात, किंवा सगळ्या माळ्यावर जातात. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. त्यासाठी भिंत गर्दीची आणि जुनाट का दिसते, हे आधी समजून घ्यावे लागते.

जुन्या वाड्यांतल्या माजघरात तसबिरी छताच्या तुळईलगत, पुढे झुकवून लावलेल्या असत. माणसे जमिनीवर, सतरंजीवर बसत. वर पाहताना चित्र नीट दिसावे आणि काचेवर चकाकी येऊ नये, म्हणून हा कल दिला जाई. वाड्याची उंची आणि बसण्याची पद्धत लक्षात घेता ती मांडणी योग्यच होती. फ्लॅटमध्ये छत सुमारे साडेनऊ फुटांवर असते आणि माणसे सोफ्यावर बसतात. तरीही तसबीर सवयीने उंचच लावली जाते. मग ती खालच्या सामानापासून तुटते, भिंतीवर एकाकी तरंगते आणि दहा ठिकाणी अशा दहा तसबिरी झाल्या, की घर भरून गेल्यासारखे वाटते.

गर्दीचा संबंध फोटोंच्या संख्येपेक्षा त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेशी अधिक असतो. दोन चौकटींमधले अंतर चौकटीच्या रुंदीपेक्षा बरेच कमी आणि सगळीकडे सारखे असेल, तर डोळा त्या सर्वांना मिळून एकच आकार मानतो. अंतरे कमी-जास्त झाली, की प्रत्येक तसबीर स्वतंत्रपणे लक्ष वेधू लागते. म्हणून आठ फोटो आठ भिंतींवर लावण्यापेक्षा एकाच भिंतीवर एकत्र लावले, तर घर अधिक मोकळे दिसते.

उदाहरणादाखल पुण्यातले दोन बेडरूमचे एखादे घर घ्यावे. त्यात चार पिढ्यांच्या मिळून एकवीस तसबिरी आहेत. काही सोनेरी प्लॅस्टिकच्या चौकटीत, काही जाड फळीवर लॅमिनेशन केलेल्या, तर काही शिसवी लाकडात. सोफ्यामागची भिंत तीन मीटर रुंद आहे, सोफा १८० सेंटिमीटर लांब आणि पाठीपर्यंत ८५ सेंटिमीटर उंच आहे.

पहिले काम निवडीचे. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. सोफ्यासमोर, म्हणजे साधारण दोन मीटरवर उभे राहून फोटोतला चेहरा ओळखू यायला हवा. छापील फोटोत चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा तरी नसेल, तर तो फोटो बैठकीच्या भिंतीसाठी नाही. लग्नातल्या चाळीस माणसांचा समूहफोटो अशा वेळी बाद होतो. पण त्याची जागा माळ्यावर नसते. तो खोल्यांच्या मधल्या बोळात लावावा, जिथे माणूस फूटभर अंतरावर उभा राहून एकेक चेहरा शोधतो. दुसरी कसोटी अशी, की एका प्रसंगाचा एकच फोटो घ्यावा. मुंजीचे तीन फोटो असले तर तिघांचेही वजन कमी होते. या गाळणीतून एकवीसपैकी आठ उरतात: आजी-आजोबांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो, पणजीचा नऊवारीतला एकमेव फोटो, शेतावरच्या घरासमोरचे दोघे भाऊ, आईवडिलांचे लग्न, आणि मुला-नातवंडांचे चार.

हे आठ फोटो आठ मापांचे असतात. ते एकत्र बसवण्याचे काम माउंट करतो. फोटो आणि काच यांच्यामध्ये येणारा, खिडकीसारखा कापलेला जाड कागद म्हणजे माउंट. बाहेरची चौकट सगळ्यांची एकच, समजा २७ बाय ३२ सेंटिमीटरची ठेवायची. आतली खिडकी मात्र प्रत्येक फोटोच्या मापाने कापून घ्यायची. पोस्टकार्ड आकाराचा जुना फोटो आणि पाच बाय सात इंचांचा नवा फोटो मग शेजारी शेजारी शोभून दिसतात. माउंटचा रंग शुभ्र न घेता किंचित पिवळसर पांढरा घ्यावा; कारण जुन्या फोटोंचा कागद पिवळसर पडलेला असतो आणि शुभ्र माउंटमध्ये तो मळका दिसतो. खालचा काठ वरच्यापेक्षा अर्धा-पाऊण सेंटिमीटर अधिक ठेवला नाही, तर फोटो खाली घसरल्याचा भास होतो. चौकटीची पट्टी अरुंद, दीड सेंटिमीटरच्या आसपास आणि साधी असावी. घर जुनाट दिसते ते फोटोंमुळे क्वचितच. त्या त्या दशकाची फॅशन सांगणाऱ्या सोनेरी नक्षीच्या पट्ट्यांमुळे आणि चकचकीत लॅमिनेशनमुळे ते तसे दिसते.

आता मांडणी. सोफ्यावरचा तसबिरींचा गट सोफ्याच्या लांबीच्या सुमारे दोनतृतीयांश असावा, म्हणजे येथे १२० सेंटिमीटर. एका ओळीत २७ सेंटिमीटरच्या चार चौकटी आणि त्यांच्यामध्ये चार-चार सेंटिमीटरची तीन अंतरे धरली, की बरोबर १२० होतात. दोन ओळी आणि त्यांच्यातले चार सेंटिमीटर मिळून उंची ६८ होते. गटाची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून २० सेंटिमीटर वर ठेवली, तर ती जमिनीपासून १०५ सेंटिमीटरवर आणि वरची कड १७३ सेंटिमीटरवर येते. मधला बिंदू १३९ सेंटिमीटरवर पडतो. बसलेल्याला आणि उभ्याला, दोघांनाही ही उंची सोयीची असते. सोफा नसलेल्या भिंतीवर हाच मधला बिंदू १४५ ते १५० सेंटिमीटरवर न्यावा.

भिंतीला छिद्र पाडण्यापूर्वी वर्तमानपत्राचे आठ तुकडे चौकटीच्या मापाने कापून चिकटपट्टीने भिंतीवर लावावेत आणि दोन दिवस तसेच राहू द्यावेत. सकाळच्या नि संध्याकाळच्या उजेडात ते पाहिले, की चूक आपोआप कळते. खिळ्याची जागा कागदाच्या वरच्या कडेवर नसते, हे येथे विसरले जाते. चौकटीमागची तार मधोमध वर ताणून ती वरच्या कडेपासून किती खाली राहते, ते मोजावे. ते अंतर पाच सेंटिमीटर असेल, तर वरच्या ओळीचे खिळे १६८ आणि खालच्या ओळीचे १३२ सेंटिमीटरवर येतील. ड्रिल करून प्लॅस्टिकची गिट्टी बसवावी. विजेच्या बटणांच्या सरळ वर किंवा खाली मात्र छिद्र पाडू नये, कारण तारांची नळी बहुधा तिथूनच जाते.

भिंत कोणती निवडावी, हा प्रश्न दिसण्यापुरता नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर काचेत खिडकीच दिसत राहते. खिडकीला काटकोनात असलेली भिंत बरी. पश्चिमेचे ऊन थेट पडणाऱ्या भिंतीवर रंगीत फोटो काही वर्षांतच विटतो. न्हाणीघराला लागून असलेली किंवा पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंतही टाळावी. दुसरा पर्यायच नसेल, तर चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या वा बुचाच्या छोट्या चकत्या चिकटवाव्यात. त्यामुळे मागून हवा खेळते आणि ओल थेट कागदापर्यंत पोहोचत नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आणखी एक अपघात घडतो. माउंट नसलेला फोटो काचेला टेकलेला असेल, तर फोटोवरचा जिलेटिनचा थर दमट हवेत मऊ होतो आणि काचेला चिकटतो. काचेआड ओलसर, चकाकणारा डाग दिसू लागला, की हे घडले असे समजावे. असा फोटो ओढून काढू नये. चेहरा काचेवरच राहून जातो. काचेसकट तो स्कॅन करून घ्यावा आणि मग मूळ फोटो जाणकाराच्या हाती द्यावा.

यावरचा खरा उपाय म्हणजे भिंतीवर नक्कल लावणे आणि मूळ फोटो पाकिटात, कोरड्या कपाटात ठेवणे. जुना छोटा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला, तर तो दुप्पट मापात स्वच्छ छापता येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले जे रंगीत फोटो आता तांबूस दिसतात, त्यांचे रंगही स्कॅन केलेल्या प्रतीत बऱ्याच अंशी सुधारता येतात. मुळाचे लॅमिनेशन मात्र कधीही करू नये. एकदा फळीला चिकटलेला फोटो पुन्हा सुखरूप सुटत नाही.

दिवंगतांच्या तसबिरींचा प्रश्न वेगळा आणि नाजूक असतो. चंदनाचा हार घातलेला फोटो हयात माणसांच्या फोटोंमध्ये असू नये, असे अनेक घरांत मानले जाते. ही भावना मोडण्याचे कारण नाही. आजोबांच्या हाराच्या फोटोला वेगळी भिंत किंवा छोटी फळी द्यावी. समईचा किंवा उदबत्तीचा धूर त्यापासून हातभर तरी दूर ठेवावा, कारण काजळी फटींतून आत शिरते. शेतावर भावासोबत हसत उभे असलेले आजोबा मात्र आठांच्या भिंतीवर राहू शकतात. एक जागा पूजेची आहे, दुसरी सहवासाची, एवढे स्पष्ट केले, की बहुतेक घरांत वाद मिटतो.

फळीवर आणि शोकेसमध्ये नियम थोडा बदलतो. ९० सेंटिमीटरच्या फळीवर तीन चौकटी पुरेशा होतात: एक मोठी मागे, दोन लहान तिच्यापुढे, किंचित एकमेकींवर येणाऱ्या. पुस्तकांसमोर फोटो उभे करू नयेत. पुस्तक काढताना ते रोज हलतात आणि एक दिवस पडतात. भिंतीवर न मावलेले फोटो येथे आळीपाळीने येऊ शकतात. दर दिवाळीच्या साफसफाईत तीन बदलले, तरी माळ्यावरचे पुष्कळ फोटो काही वर्षांत उजेड पाहतात.

चौकट बंद करण्यापूर्वी एक काम उरते. मागच्या कागदावर पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहावे. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये. अक्षरांचे वळ पुढे उमटतात. शेतावरच्या फोटोतला धाकटा भाऊ कोण, हे अनेकदा घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असते. तसबिरी खाली उतरवलेल्या असतात त्या दोन दिवसांत आजीला शेजारी बसवून हे विचारून घ्यावे.