प्रमाणपत्रांच्या पुढचा आकडा

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्या मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करतात. प्रशिक्षण संस्था या विभागप्रमुखांकडे जातात, तेव्हा बहुधा वाटलेली प्रमाणपत्रे मोजून दाखवतात. पण समजा, १५ लाखांत १०० मुली शिवणकाम शिकल्या, ६० कामाला लागल्या आणि सहा महिन्यांनी ४० टिकल्या. दर शिकणारीमागे खर्च १५,००० रुपये. टिकलेल्या दर नोकरीमागे ३७,५००. प्रस्तावात हा दुसरा आकडाच हवा, सोबत प्रशिक्षणाआधीची कमाई आणि आताची पगारपावती. आधीची नोंदच नसेल, तर वाढ सिद्ध होत नाही. उरलेल्या २० जणींनी काम का सोडले, हेही प्रामाणिकपणे लिहावे. कधी वसतिगृह किंवा बसची सोय नसते.