फोन हरवला, तरी परतीची वाट

परदेशात फोन हरवला की पहिला धक्का त्याच्या किमतीचा बसतो. खरा धक्का थोड्या वेळाने बसतो : अरे, तिकीट त्यातच होतं!

माझे एक स्नेही पत्नीसह पुण्याहून व्हिएतनामला गेले होते. हनोईत टॅक्सीतून उतरताना त्यांचा फोन सीटवरच राहिला. पासपोर्ट खिशात होते. पण ई-व्हिसा आणि परतीची तिकिटं फोनमध्ये. "गूगल ड्राइव्हवर सगळं ठेवलंय," म्हणत ते हॉटेलच्या संगणकासमोर बसले. पासवर्ड बरोबर टाकला. तेव्हा पडद्यावर विचारणा झाली, फोनवर पाठवलेला कोड टाका! फोन टॅक्सीबरोबर गेलेला, आणि त्या नंबरचं नवं सिम मिळणार भारतात परतल्यावर. तिजोरी शाबूत होती, किल्ली मात्र हरवलेल्या फोनलाच बांधलेली.

यावर उपाय साधा आहे. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात 'Backup codes' मिळतात. हे आठ अंकी दहा कोड असतात. फोनवरच्या कोडऐवजी यातला एक टाकता येतो, मात्र प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून फोनपासून वेगळे ठेवावेत, आणि पासवर्ड त्याच कागदावर लिहू नये. हॉटेलच्या संगणकावर काम झालं की खात्यातून आठवणीने बाहेर पडावं आणि उतरवून घेतलेल्या फाइली पुसून टाकाव्यात.

इंटरनेटच नसेल तर? त्यासाठी सोबत्याच्या फोनमध्ये याच फाइली उतरवून ठेवाव्यात. ड्राइव्हमध्ये फाइल नुसती दिसते म्हणजे ती फोनमध्ये आहे, असं नाही. विमान मोडमध्ये उघडून बघावी. उघडली तरच ती खरी सोबत आली.

प्रतीत काय हवं? पासपोर्टचं फोटोचं आणि शेवटचं पान, व्हिसा, आणि पीएनआर स्पष्ट दिसेल असं तिकीट. पीएनआर आणि पासपोर्ट दाखवला की विमान कंपनीला काउंटरवर तुमचं आरक्षण शोधता येतं. मात्र पासपोर्टच हरवला, तर त्याच्या प्रतीवर प्रवास होत नाही. पोलिसांत तक्रार देऊन भारतीय दूतावास गाठावा लागतो. तिथे तुमची ओळख पटवायला ती प्रत उपयोगी पडते.

आमच्या स्नेह्यांना शेवटी वहिनींनी तारलं. निघताना त्यांनी व्हिसा आणि तिकिटं छापून बॅगेच्या तळाशी ठेवली होती. "आजकाल कागद कोण नेतं?" असं तेव्हा यजमान हसले होते.

तेव्हा निघण्याच्या आदल्या आठवड्यात एक परीक्षा घ्या. आपला फोन बंद करून दुसऱ्याच्या संगणकावर खातं उघडून बघा. अडलात, तर घरीच अडलेलं बरं!