वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉन चढतं, पण...

समजा, एक ४२ वर्षांचा गृहस्थ. वजन ११८ किलो, मधुमेह नुकताच निघालेला. दिवसभर मरगळ, इच्छा मंदावलेली, ताठरपणाही पूर्वीसारखा नाही. सकाळच्या रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन निघतं २२०. साधारण ३००च्या खाली गेलं की डॉक्टर ते कमी धरतात. गृहस्थांना वाटतं, आता टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं की काम झालं.

इथेच गल्लत होते. वृषणं बहुधा धडधाकट असतात, बिघाड चरबीत असतो. मेदपेशींतलं अ‍ॅरोमॅटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. ते वाढलं की मेंदूला वाटतं, संप्रेरक भरपूर आहे, आणि तो वृषणांना आदेश देणंच कमी करतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं तर हे आदेश जवळपास थांबतात आणि शुक्रजंतूही घटतात. मूल हवं असणाऱ्याने हा उपाय करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं.

वजन उतरलं की हे चक्र उलटं फिरतं. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सरासरी अडीचशेच्या आसपास वाढ दिसते, नुसत्या आहारनियंत्रणाने ऐंशीच्या आसपास. म्हणजे आपले गृहस्थ २२०वरून ४७०पर्यंत जाऊ शकतात. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही नवी इंजेक्शनं २०२५ साली वजन घटवण्यासाठी भारतातही आली. त्यांनीही टेस्टोस्टेरॉन वाढतं, पण किती, हे मुख्यतः किती किलो उतरले यावर ठरतं. औषध सोडून वजन परत आलं, तर मिळवलेलंही जातं.

रिपोर्टमधला मोठा आकडा पाहून मात्र हुरळून जाऊ नये. लठ्ठपणात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं एसएचबीजी हे प्रथिन कमी झालेलं असतं आणि वजन उतरताना ते वाढतं. त्यामुळे एकूण आकडा झपाट्याने चढतो, शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारं मुक्त टेस्टोस्टेरॉन त्या मानाने हळू वाढतं. ताठरपणा तर रक्तवाहिन्या आणि नसांवरही अवलंबून असतो. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने त्या खराब झाल्या असतील, तर नुसत्या संप्रेरकाने काम होत नाही.

पहिल्या काही महिन्यांत उलटा अनुभवही येतो. मळमळ, अगदी कमी खाणं, स्नायूंची झीज, यांमुळे इच्छा आणखी मावळू शकते. शस्त्रक्रियेनंतर बी-१२, लोह, जस्त कमी पडलं, तर शुक्रजंतूंवरही परिणाम होतो. म्हणून प्रथिनं, डॉक्टरांनी दिलेली पूरक औषधं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम, यांत हयगय नको.

उपचार सुरू करण्याआधी टेस्टोस्टेरॉन सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी तपासून घ्या. सोबत एसएचबीजी आणि एलएचही पाहा. आणि मूल हवं असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.