घाव किती खोल, यापेक्षा पाळी कोणाची?

आज आपण पाळीपाळीने चालणाऱ्या रोल-प्लेइंग गेममधल्या लढाईकडे पाहणार आहोत. आग, बर्फ, वीज, वारा अशी तत्त्वे, कोणाला कशाची कमजोरी आणि कोणाला कशाचे कवच, हा आजचा विषय. बहुतेक खेळाडूंना यातले एक सूत्र पाठ असते: आगीच्या शत्रूवर बर्फ टाका, जास्त नुकसान होते. सूत्र बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग समजून घ्यायला ज्या खेळाने भल्याभल्यांना लोळवले तोच घेऊ: ॲटलस कंपनीचा ‘शिन मेगामी तेन्सेई ३: नॉक्टर्न’. हा जपानमध्ये २००३ साली प्लेस्टेशन २ वर आला आणि २०२१ पासून त्याची नवी आवृत्ती जगभर संगणकावरही खेळता येते.

आधी सोपा प्रकार पाहू, म्हणजे फरक कळेल. पोकेमॉन आपल्याकडे घराघरात माहीत आहे. तिथे कमजोरी म्हणजे सरळ गुणाकार. कमजोरीवर घाव बसला तर नुकसान दुप्पट, कवचावर बसला तर निम्मे आणि पूर्ण अभेद्य असेल तर शून्य. एका पोकेमॉनला दोन प्रकार असतील तर दोन्ही आकडे एकमेकांना गुणायचे. ग्यारॅडोस पाण्याचा आणि उडणारा आहे. वीज दोन्ही प्रकारांवर भारी, म्हणून दोन गुणिले दोन, म्हणजे चौपट. स्वॅम्पर्ट पाण्याचा आणि जमिनीचा आहे. पाण्यावर वीज दुप्पट, पण जमिनीवर शून्य, आणि दोन गुणिले शून्य म्हणजे शून्यच. पाणी दिसले म्हणून वीज मारणारा खेळाडू इथे आपला वार फुकट घालवतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. चौपट वार केला काय किंवा शून्य वार केला काय, तुमची एक पाळी गेली आणि समोरच्याची एक पाळी आली. तत्त्वांचा परिणाम फक्त नुकसानावर होतो, पाळीच्या हिशेबावर होत नाही. नॉक्टर्नमध्ये नेमके हेच बदलले आहे. त्या पद्धतीला ‘प्रेस टर्न’ म्हणतात.

तिचा नियम असा. तुमच्या बाजूने रणांगणावर जितके लढवय्ये, तितकी चिन्हे पडद्याच्या कोपऱ्यात दिसतात. चार असाल तर चार चिन्हे. साधा वार केला की एक चिन्ह खर्च होते. शत्रूच्या कमजोरीवर वार बसला, किंवा शारीरिक वार मर्मावर बसला, तर पूर्ण चिन्ह जात नाही. ते लुकलुकू लागते, म्हणजे अर्धे शिल्लक राहते. वार चुकला किंवा शत्रूवर त्या तत्त्वाचा काहीच परिणाम झाला नाही, तर दोन चिन्हे जातात. आणि शत्रूने तो वार शोषून घेतला किंवा तुमच्यावरच उलटवला, तर उरलेली सगळी चिन्हे जातात आणि पाळी तिथेच संपते.

आता चार चिन्हांचा हिशेब मांडू. सगळे साधे वार केले तर चार कृती मिळतात. प्रत्येक वार कमजोरीवर बसला तर चार चिन्हे आधी एकेक करून लुकलुकतात, मग एकेक करून संपतात, म्हणजे आठ कृती. पहिलाच वार निष्प्रभ ठरला तर दोन चिन्हे गेली, उरलेल्या दोनांत दोन साधे वार, म्हणजे एकूण तीन कृती. पहिलाच वार उलटला तर एकच कृती. त्याच चार लढवय्यांनी, त्याच ताकदीने, एका पाळीत एक कृती करायची की आठ, हे तत्त्वाच्या निवडीवर ठरते. नुकसानाचा गुणाकार या फरकापुढे किरकोळ वाटावा, इतका हा फरक मोठा आहे.

इथे एक बारकावा आहे. नॉक्टर्नमध्ये ‘रोध’ आणि ‘निष्प्रभ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोध म्हणजे नुकसान कमी होते, पण वार करणाऱ्याचे एकच चिन्ह जाते, साध्या वारासारखे. निष्प्रभ केले तर नुकसान शून्य आणि वर दोन चिन्हांचा दंड. म्हणजे रोध तुमचे रक्त वाचवतो, तर निष्प्रभ शत्रूची पाळी खातो. आपली तुकडी निवडताना हा भेद डोक्यात ठेवा.

दुसरा बारकावा सगळ्यांवर एकदम पडणाऱ्या मंत्रांचा. या खेळात बर्फाचा एकावरचा मंत्र ‘बुफू’ आणि सगळ्यांवरचा ‘माबुफू’. समजा समोर तीन शत्रू आहेत. दोघांना बर्फाची कमजोरी आहे आणि तिसऱ्यावर बर्फ चालत नाही. माबुफू टाकला तर दोघांना चांगला फटका बसेल, पण चिन्हांचा हिशेब सर्वांत वाईट निकालावरून होतो. एकावर निष्प्रभ ठरला म्हणून दोन चिन्हे जातील. दोघांच्या कमजोरीचा फायदा मिळणार नाही. तिसरा बर्फ शोषणारा असेल तर पाळीच संपेल. अशा वेळी साधा बुफू एकेकावर टाकणे शहाणपणाचे. दोन वारांत दोन्ही कमजोर शत्रूंना फटका बसतो, आणि चारही चिन्हे हातात असतात: दोन लुकलुकती, दोन पूर्ण. मोठा मंत्र हा नेहमी मोठा फायदा नसतो.

तिसरा बारकावा पाळी पुढे ढकलण्याचा. तुमच्या एखाद्या साथीदाराकडे कामाचा मंत्र नसेल तर तो पाळी पुढच्याला देऊ शकतो. पूर्ण चिन्हावर असे केले तर ते लुकलुकते होते, म्हणजे अर्धाच खर्च. पण आधीच एखादे चिन्ह लुकलुकत असेल तर पाळी सोडताना ते पूर्ण संपते. साध्या वारालाही तेच लुकलुकते चिन्ह लागले असते. म्हणून लुकलुकते चिन्ह समोर असताना पाळी सोडणे सहसा तोट्याचे. त्याच किमतीत जखमा भरा, साथीदाराचे बळ वाढवा किंवा निदान एक वार तरी करा.

आता हे सगळे एका प्रत्यक्ष लढाईत लावून पाहू. टोकियोच्या गिंझा भागात पोहोचल्यावर नवख्या खेळाडूची गाठ मॅटाडोरशी पडते. बैलांशी झुंजणाऱ्याच्या वेशातला हा सांगाडा आहे. अनेकजण इथे अडकतात, मग तासन्‌तास किरकोळ लढाया करून पातळी वाढवतात आणि पुन्हा हरतात. पातळी वाढवल्याने थोडा फरक पडतो, पण दुखणे पाळीच्या हिशेबात आहे.

मॅटाडोरची शस्त्रे पाहा. ‘माझान’ हा वाऱ्याच्या बळाचा, सगळ्यांवर पडणारा मंत्र. ‘आंदालुसिया’ ही एकापाठोपाठ एक बसणाऱ्या शारीरिक वारांची माळ. आणि ‘रेड कपोते’ म्हणजे लाल कापड फडकवून स्वतःची चपळाई एकदम शिखरावर नेणे. त्याच्यावर वाऱ्याचा परिणाम होत नाही, तेव्हा त्याच्यावर वारा टाकू नका. दोन चिन्हे फुकट जातील.

चपळाई वाढली की तुमचे वार चुकू लागतात. चुकलेला वार म्हणजे दोन चिन्हे. चार चिन्हांच्या पाळीत दोन वार चुकले की पाळी संपली, आणि तुम्ही काहीच केले नाही. म्हणजे लाल कापड त्याचा बचाव करते असे दिसते, पण खरे तर ते तुमच्या पाळ्या गिळते. यावर उपाय दोन. ‘सुकुंदा’ किंवा ‘फॉग ब्रेथ’ने त्याची चपळाई खाली ओढायची, नाहीतर ‘सुकुकाजा’ने आपली वाढवायची. यातले काही आपल्या तुकडीत असल्याशिवाय या लढाईत उतरू नये.

आता बचाव. नॉक्टर्नचा नायक ‘मागातामा’ नावाचा एक जीव अंगात धारण करतो आणि त्यावरून त्याची स्वतःची कवचे आणि कमजोऱ्या ठरतात. ‘शिरानुई’ मागातामाने आग निष्प्रभ होते, पण वाऱ्याची कमजोरी येते. समजा नायक शिरानुई घालून मॅटाडोरसमोर उभा राहिला. हिशेबासाठी शत्रूकडे दोन चिन्हे धरा. त्याने माझान टाकला, नायकाच्या कमजोरीवर बसला, त्याचे चिन्ह अर्धेच गेले. पुन्हा माझान, पुन्हा अर्धे. दोन चिन्हांत चार वार. आणि या खेळात नायक पडला की साथीदार कितीही धडधाकट असले तरी खेळ संपतो. म्हणजे तुम्ही स्वतःच शत्रूच्या पाळ्या दुप्पट केल्या.

आता त्याच नायकाला ‘हिफुमी’ मागातामा द्या, ज्याने वारा निष्प्रभ होतो. माझान आला, साथीदारांना फटका बसला, पण नायकावर शून्य. सर्वांत वाईट निकालाचा नियम शत्रूलाही लागू आहे. त्याची दोन्ही चिन्हे एका मंत्रात गेली. तुकडीतल्या एकाला वाऱ्याची कमजोरी असली तरी निष्प्रभचा निकाल तिच्या वरचा, म्हणून शत्रूला जादा पाळी मिळत नाही. चार जणांत एकाचे कवच, आणि साऱ्या तुकडीला मोकळा श्वास.

या उपायाची मर्यादाही सांगतो. हिफुमी आंदालुसियासमोर काही करत नाही, कारण ते वार शारीरिक आहेत. तिथे जखमा भरणारा साथीदार आणि शत्रूची खाली आणलेली चपळाईच कामाला येते. तसेच पुढे खेळात ‘सर्वशक्तिमान’ प्रकारचे मंत्र येतात, उदाहरणार्थ ‘मेगिदो’. त्यांना कोणाचे कवच अडवत नाही आणि कोणाची कमजोरीही लागत नाही. शत्रूचे काहीच माहीत नसेल तेव्हा ते सुरक्षित, पण त्यातून अर्ध्या चिन्हाचा फायदा कधी मिळत नाही.

आपली चूक कुठे होते हे ओळखायचे कसे? लढाई हरलात तर आपल्याला किती नुकसान झाले ते मोजण्याआधी दोन गोष्टी मोजा. एक, आपल्या एका पाळीत आपण किती कृती केल्या. चारपेक्षा कमी असतील तर आपले वार चुकत आहेत किंवा चुकीच्या तत्त्वाचे आहेत. दोन, शत्रूने त्याच्या पाळीत किती कृती केल्या. त्याच्या चिन्हांपेक्षा जास्त असतील तर आपल्यातला कोणीतरी त्याला अर्धी चिन्हे पुरवतो आहे. तो कोण हे शोधा, त्याला मागे घ्या किंवा त्याचे कवच बदला, आणि मग त्याच पातळीवर पुन्हा लढून पाहा.

पुढच्या भागात साथीदारांचे मिश्रण करून नवा साथीदार घडवताना त्याला कोणते मंत्र द्यायचे, ते पाहू. तोवर नमस्कार.