मावशी, आजी आणि सावलीचा सराव

जपानी भाषेत मावशी, काकू, आत्या या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, ओबासान. आजीला म्हणतात ओबाआसान. दोघींमध्ये फरक फक्त एका मात्रेचा. आजीतला ‘बा’ थोडा जास्त रेंगाळतो, तेवढंच. पुण्यात जपानी शिकणारी कितीतरी मुलं जेएलपीटीच्या वरच्या पातळ्या पास होतात आणि तरीही आजीला बिनदिक्कत मावशी करून टाकतात. परीक्षेला ते कळत नाही, कारण तिथे वाचन आणि ऐकणं तपासतात, बोलण्याची चाचणीच नसते. कळतं ते समोर जपानी माणूस बसल्यावर.

ही मात्रा जिभेवर आणण्यासाठी जपानमध्ये एक सराव फार चालतो. त्याला शॅडोइंग म्हणतात. कानात ध्वनिफीत चालू असते, ती थांबवायची नाही, आणि बोलणाऱ्याच्या अर्धा-एक सेकंद मागे राहून जसंच्या तसं बोलत जायचं. माणसामागून सावली चालावी तसं. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात हा सराव आधीपासून होता, तिथून तो भाषेच्या वर्गात आला.

आपल्याकडची संथा आठवा. गुरुजी चरण म्हणतात, थांबतात, मग शिष्य दोनदा म्हणतो. शॅडोइंगमध्ये ते थांबणं काढून टाकलेलं आहे, आणि सगळा फरक तिथेच पडतो. ऐकून झाल्यावर थोडी उसंत मिळाली की आपण वाक्य मनात साठवतो, आणि साठवताना नकळत ते मराठी साच्यात ओततो. मग तोंडातून येतं ते मराठी जपानी. सावलीला ही उसंतच मिळत नाही. कानावरचा आवाज ताजा असतानाच तोंड हलवावं लागतं. विल्यम मार्सलेन-विल्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं होतं की काही माणसं आपल्याच भाषेत जेमतेम पाव सेकंद, म्हणजे साधारण एका अक्षराइतकं मागे राहून बोलू शकतात. परक्या भाषेत इतकं जवळ जाता येत नाही आणि जायची गरजही नाही.

आता मराठी तोंड नेमकं कुठे अडतं ते पाहू. शाळेत शुद्धलेखन शिकताना आपण ‘फूल’ लिहितो आणि अनेकवचनात ‘फुलं’ करतो. ऊकार ऱ्हस्व झाला, पण फूल फूलच राहिलं. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ बरंचसं शब्दातल्या जागेवर ठरतं, अर्थावर क्वचितच. त्यामुळे स्वराची लांबी मोजायची सवय कानाला नसते. ए आणि ओ यांच्या बाबतीत तर लिपीतही ऱ्हस्व-दीर्घ असे वेगळे पर्याय नाहीत. जपानीत ‘कोको’ म्हणजे ‘इथे’, आणि दोन्ही ओ लांबवले की ‘कोओकोओ’ म्हणजे उच्च माध्यमिक शाळा. वहीत आपण दोन्ही ‘कोको’ असंच लिहून ठेवतो. आकाराचंही तसंच. जपानी ऱ्हस्व ‘आ’चा रंग आपल्या ‘आ’सारखा आणि लांबी ‘अ’सारखी असते. त्यासाठी देवनागरीत अक्षर नाही. म्हणून सरावाच्या कागदावर जपानी देवनागरीत लिहू नये. लिहिलं की डोळा कानाला फसवतो.

एक गोष्ट मात्र आपल्याला आयती मिळते. ‘किती’ आणि जोर देऊन म्हटलेलं ‘कित्ती’ यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. जपानी जोडव्यंजनाला असाच मधला थांबा लागतो, फक्त तो पूर्ण एक मात्रा टिकवायचा असतो.

या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात पकडता येतात. ‘ओबाआसान नि किइते मोराइमाशिता’ म्हणजे आजीने माझं ऐकून घेतलं. यातलं ‘किइते’ आखडून ‘किते’ केलं तर अर्थ होतो, माझ्या सांगण्यावरून आजी आली. ‘कित्ते’ म्हटलं तर आजीकडून काहीतरी कापून घेतलं. वर आजीची मावशी केली की तीनाची सहा वाक्यं होतात, सहाही शुद्ध, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. मूळ वाक्याच्या मात्रा मोजू: ओ-बा-आ-सा-न-नि या सहा, कि-इ-ते या तीन, मो-रा-इ-मा-शि-ता या सहा, एकूण पंधरा. शेवटचा ‘न’ एकटाच एक मात्रा घेतो. ‘शि’ मधली इ जवळजवळ नुसता श्वास असते, ऐकू येतं ‘माश्ता’सारखं, पण तिची मात्रा कापली जात नाही. नेहमीच्या वेगात हे सगळं साधारण दोन सेकंदांत संपतं. मावशी आणि ‘किते’ असेल तर मात्रा होतात तेरा.

लांबीबरोबर सुराचीही चढउतर आहे. टोकियोच्या बोलीत ‘किते’ वरच्या सुरात सुरू होऊन लगेच खाली येतं, ‘किइते’ खालून सुरू होऊन वर चढतं. आजीचा सूर ‘बा’वर चढून लगेच उतरतो, मावशीचा चढतो आणि चढलेलाच राहतो. हे नियम पाठ करून बोलताना आठवायला वेळ मिळत नाही. शॅडोइंगमध्ये सूर आणि लांबी एकत्रच कानावर येतात आणि एकत्रच उचलाव्या लागतात.

सरावासाठी तीस ते साठ सेकंदांचा संवाद पुरतो, आणि त्यातले बहुतेक शब्द आधीच माहीत असावे लागतात. अर्थ शोधत बसलं तर कान लयीकडे जात नाही. पहिल्या दिवशी फक्त ऐकायचं, मग मजकूर समोर ठेवून अर्थ लावून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी ध्वनिफितीबरोबर पुटपुटायचं. आवाज मोठा करायचा नाही, शब्द सुटले तरी चालतील, पण चढउतर सुटता कामा नये. तिसऱ्या दिवशी मजकूर पाहत ध्वनिफितीच्या बरोबरीने वाचायचं. चौथ्या दिवशी कागद पालथा घालून खरी सावली सुरू करायची, आणि तेव्हा लक्ष फक्त लय आणि सुरावर ठेवायचं. हे जमलं की शेवटच्या दोन-तीन दिवसांत अर्थाकडे लक्ष देत तेच करायचं. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे, त्यापुढे जीभ दमते आणि चुका पक्क्या होतात. वेग फार वाटला तर थोडा कमी करावा, पाऊणपटीच्या खाली मात्र नेऊ नये, कारण तिथे आवाज ताणल्यासारखा होतो आणि सुराचा अंदाज येईनासा होतो. इअरफोन एकाच कानात घालावा, दुसरा कान स्वतःचा आवाज ऐकायला मोकळा ठेवावा.

तो मोकळा कान किती महत्त्वाचा आहे, हे एका जुन्या प्रयोगातून कळतं. कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली लोकांच्या दोन कानांत दोन वेगवेगळे संदेश ऐकवले आणि एका कानातला मजकूर पाठोपाठ बोलायला सांगितला. त्याला शोधायचं होतं की गोंगाटात माणूस एकच आवाज कसा निवडतो. पण त्याने नोंदवलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. पाठोपाठ बोलणाऱ्यांचे शब्द बरोबर येत होते, पण आवाज सपाट होता, चढउतर जवळजवळ नव्हती, आणि हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. आपण काय बोललो याचा अर्थही अनेकदा त्यांना नीट सांगता येत नव्हता. म्हणजे नुसतं मागोमाग बोलल्याने लय येते हा समज चुकीचा आहे. सावलीला स्वतःचा आकार दिसत नाही.

म्हणून सरावाचा अर्धा भाग रेकॉर्डिंगचा आहे. चौथ्या दिवसापासून फोनवर आपला आवाज घ्यावा आणि मूळ वाक्य, आपलं वाक्य, पुन्हा मूळ, असं आलटून पालटून ऐकावं. त्यात तीन चुका हमखास सापडतात. पहिली मात्रा गिळण्याची. आपण ध्वनिफितीच्या मागे पडतो, अंतर भरून काढायला घाई करतो, आणि घाईत पहिला बळी दीर्घ स्वराचा जातो. ‘किइते’चं ‘किते’ होतं ते बहुतेक इथेच. मागे पडलात तर वाक्य सोडून द्यावं आणि पुढच्या वाक्याला पकडावं, धावत गाठू नये. दुसरी चूक उलटी असते. संवाद इतका पाठ होतो की आपण सावली न राहता पुढे चालू लागतो. ओळखायचं कसं? कुणाला तरी मधेच ध्वनिफीत बंद करायला सांगा. दोन-तीन शब्दांनंतर तुम्ही अडखळलात तर सावली चालू आहे. वाक्य शेवटापर्यंत गेलं तर तो पाठांतराचा सराव झाला, आणि संवाद बदलायची वेळ आली. तिसरी चूक माणूस निवडण्यातली. अ‍ॅनिमेमधल्या चिडक्या किंवा लाडिक पात्राची सावली केली की तो ढंगही बरोबर येतो, आणि तो कार्यालयात शोभत नाही. आपल्या वयाचा, आपल्यासारख्या प्रसंगात साधं बोलणारा आवाज निवडावा.

याने काय साधतं आणि काय नाही, याचा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून येतो. फूट आणि मॅकडोनो या संशोधकांनी इंग्रजी शिकणाऱ्या १६ जणांकडून आठ आठवडे शॅडोइंग करून घेतलं. त्यांचं उत्स्फूर्त बोलणं ऐकणाऱ्यांना आधीपेक्षा सहज समजू लागलं, ओघही सुधारला. परका हेल मात्र फारसा कमी झाला नाही. यात नवल नाही. जो आवाज कानाला वेगळा ऐकूच येत नाही, तो सावलीतही वेगळा येत नाही. तो आधी शिक्षकाकडून किंवा जोड्या ऐकून ऐकून कानात बसवावा लागतो. लय, मात्रा, थांबे यांचं तसं नाही. एकदा कुठे पाहायचं ते कळलं की त्या बऱ्याच लवकर हाती येतात.

आठवड्याच्या शेवटी एक सोपी चाचणी घेता येते. ती सहा वाक्यं सहा चिठ्ठ्यांवर लिहा, पिसून एकेक उचला आणि वाचा. वर्गातल्या मैत्रिणीने कागद न पाहता अर्थ मराठीत लिहायचा. प्रत्येक चिठ्ठी दोनदा आली की बारा उत्तरं होतात. बहुतेकांचं ‘कित्ते’ पहिल्या फेरीतच बरोबर येतं, कारण ‘कित्ती’ आपल्या घरातलंच आहे. ‘किइते’ आणि आजी यांना वेळ लागतो. उत्तरपत्रिकेत आजीच्या जागी मावशी दिसली, तर पुढच्या आठवड्याचा संवाद निवडताना काय शोधायचं ते ठरलं. ज्यात कुणीतरी आजीबद्दल बोलतंय असा एखादा संवाद.