अष्टमीचं ऊन

कोकणात भरतीची वेळ काढायची तर तिथीला पाऊणने गुणतात. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, अष्टमीला सहा. हिशेब ढोबळ आहे, पण कामापुरता चालतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे उधाणाची खोल ओहोटी पहाटे आणि तिन्हीसांजेला येते, अष्टमीची मात्र ऐन दुपारी आणि मध्यरात्री.

खडकांवरच्या जिवांचं बरंचसं नशीब या गणितात आहे. सगळ्यात खाली राहणारे उघडे पडतात ते उधाणाला, तेही उतरत्या किंवा कोवळ्या उन्हात. वरच्या खडकांचे हाल अष्टमीच्या आसपास होतात. भांगाची भरती तिथवर चढतच नाही. दिवसचे दिवस त्यांना पाण्याचा थेंब मिळत नाही आणि काळा कातळ तव्यासारखा तापतो.

तिथल्या वाटाण्याएवढ्या गोगलगाई मग एक युक्ती करतात. पाय शिंपल्यात ओढून घ्यायचा, दाराशी असलेलं झाकण लावायचं आणि शिंपल्याची फक्त कड वाळलेल्या चिकट स्रावाने दगडाला डकवून लटकायचं. मऊ अंग दगडाला टेकतच नाही, त्यामुळे कातळाची धग आत कमी पोचते. बोटाने ढकलली तर गोगलगाय सहज निसटते, म्हणजे हा उपाय उन्हावरचा आहे, लाटांवरचा नाही.

लाटांसाठी लिंपेट बघावा. उलट्या टोपीसारखा बसका शिंपला, त्यावरून पाणी घसरून जातं, आणि खाली सगळा पायच चिकटलेला. काही जातींचे लिंपेट शेवाळ खरवडून पुन्हा ठरलेल्या जागीच परततात. तिथे शिंपल्याची कड आणि दगड एकमेकांवर घासून इतके जुळलेले असतात, की आतलं पाणी फारसं उडून जात नाही. चाहूल न देता बोट लावलं तर तो थोडा हलतो. एकदा सावध झाला, की सुरीशिवाय निघत नाही.

खडकातल्या डबक्यात पाणी आहे, म्हणून तिथे सुख असेल असं वाटतं. पण उथळ डबकं दुपारी कोमट होतं, वाफ होऊन खारट होतं, आणि पावसाळ्यात एका सरीने वरचं पाणी गोडं होतं. समुद्रफूल आपले हात आत घेऊन मांसल गोळा होऊन बसतं. काही जाती तर अंगाला वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चिकटवतात, म्हणजे ऊनही कमी लागतं आणि ओलही टिकते.

खरी अडचण रात्रीची. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, त्याचे बुडबुडेही दिसतात. अंधार पडला की ते बंद होतं आणि शेवाळासकट सगळेच तो वापरू लागतात. वरच्या डबक्यात अष्टमीला रात्रभर नवं पाणी येत नाही. अशा वेळी डबक्यातले काही छोटे मासे काठाशी येतात आणि अर्धं अंग पाण्याबाहेर काढून हवेतच श्वास घेत राहतात.